फ्लॅट बुक करण्यापूर्वी महारेराचं पान कसं वाचावं

कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींचं जे प्रकरण झालं, त्यातल्या इमारतींना महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक होता. महापालिकेच्या बांधकाम परवानगीचे बनावट कागद तयार झाले, तेच महारेराकडे सादर झाले आणि त्यावर नोंदणी मिळाली. लोकांनी क्रमांक पाहिला, बँकांनी कर्जं दिली, करारनामे झाले. २०२२ मध्ये हा प्रकार उघड झाला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. महारेरा आता परवानग्यांची खातरजमा थेट नियोजन प्राधिकरणाकडून करून घेते, त्यामुळे तशीच फसवणूक पुन्हा करणं अवघड झालं आहे. तरी एक गोष्ट कायम आहे. नोंदणी देताना महारेरा बिल्डरने दिलेली माहिती आणि कागद लोकांपुढे ठेवते. ते वाचून आपल्या फ्लॅटशी ताडून पाहणं हे घेणाऱ्याचं काम आहे, आणि बहुतेक लोक क्रमांक दिसला की तिथेच थांबतात.

हे वाचन कसं करायचं, ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. समजा, ठाण्यात घोडबंदर रोडवर दोन टॉवरचा प्रकल्प उभा राहतोय. तुम्हाला बी टॉवरमध्ये १९व्या मजल्यावरचा टू बीएचके दाखवला आहे. सेल्स ऑफिसमध्ये सांगितलं, ‘कार्पेट ६२० चौरस फूट, किंमत ९५ लाख, ताबा डिसेंबर २०२७. महारेरा रजिस्टर्ड आहे, बँका कर्ज देतात. आता दोन लाख टोकन द्या, महिन्याभरात २० टक्के भरा, मग अ‍ॅग्रीमेंट करू.’ यातलं प्रत्येक वाक्य महारेराच्या पानावर तपासता येतं.

क्रमांक कुठून घ्यायचा आणि कुठे टाकायचा

नोंदणी क्रमांक ब्रोशरवर, होर्डिंगवर आणि प्रत्येक जाहिरातीत छापणं बिल्डरवर बंधनकारक आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही द्यावा लागतो. तो स्कॅन केला की प्रकल्पाची माहिती उघडते. पण कोड स्कॅन करून समाधान मानू नका. क्रमांक कागदावर उतरवून घ्या आणि ब्राउझरमध्ये maharera.maharashtra.gov.in हा पत्ता स्वतः टाइप करा. छापील कोड कुठल्याही पानावर नेऊ शकतो. स्वतः टाइप केलेल्या पत्त्यावर ती शंका उरत नाही.

संकेतस्थळावर नोंदणीकृत प्रकल्प शोधण्याची सोय आहे. तिथे क्रमांक, प्रकल्पाचं नाव किंवा बिल्डरचं नाव टाकता येतं. गेली काही वर्षं दिले गेलेले क्रमांक P या अक्षराने सुरू होतात आणि पुढे अकरा अंक असतात. त्यातले सुरुवातीचे अंक जिल्हा सांगतात: ठाण्यासाठी P517, मुंबई उपनगरासाठी P518, पुण्यासाठी P521. अलीकडच्या नोंदणींच्या क्रमांकाची रचना बदलली आहे, त्यामुळे वेगळा दिसणारा क्रमांक म्हणजे खोटा असं समजू नका. संकेतस्थळावर तो सापडतो की नाही, एवढंच पाहायचं. एजंटचा क्रमांक वेगळा असतो आणि जुन्या पद्धतीत तो A ने सुरू होतो. काही जण स्वतःचा एजंट क्रमांक दाखवून ‘महारेरा आहे’ असं सांगतात. त्यावरून प्रकल्पाबद्दल काहीच कळत नाही.

क्रमांक मिळालाच नाही, ‘प्रक्रियेत आहे, प्री-लाँचचा दर आहे’ असं उत्तर आलं, तर पैसे देऊ नका. रेरा कायद्याच्या कलम ३ नुसार नोंदणीपूर्वी विक्री तर नाहीच, पण जाहिरात करणं, बुकिंग घेणं किंवा खरेदीसाठी निमंत्रण देणंही मना आहे. त्याला ‘ईओआय’, म्हणजे नुसती इच्छा नोंदवणं, म्हटलं किंवा चेक नुसता ठेवून घेतला, तरी कायदा बदलत नाही. जिथे नोंदणी लागतच नाही असे प्रकल्पही आहेत: भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंतचा असेल, किंवा सगळे टप्पे मिळून आठपर्यंतच सदनिका असतील तर. छोट्या पुनर्विकासात असं आढळतं. तिथे क्रमांक नसणं कायदेशीर असतं, पण मग पुढे सांगितलेलं यातलं काहीच तुम्हाला ऑनलाइन तपासता येणार नाही. सगळे कागद वकिलाकडून पाहून घ्यावे लागतात.

प्रमाणपत्र: हाच टॉवर, हीच जमीन आहे ना?

प्रकल्पाच्या पानावरून नोंदणी प्रमाणपत्र उतरवून घ्या. हे नमुना ‘सी’ मधलं असतं. नोंदणीला मुदतवाढ मिळाली असेल तर तिचं प्रमाणपत्र नमुना ‘एफ’ मध्ये असतं. एका पानाचा कागद, पण त्यात तीन गोष्टी काळजीपूर्वक वाचायच्या: प्रकल्पाचं पूर्ण नाव, जमिनीचा सर्व्हे किंवा सीटीएस क्रमांक, आणि नोंदणी कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे ती तारीख.

नावाकडे बारकाईने पाहायचं, कारण मोठ्या प्रकल्पात नोंदणी टप्प्याटप्प्याने होते. एकाच गेटच्या आतल्या ए टॉवरचा क्रमांक वेगळा आणि बी टॉवरचा वेगळा असू शकतो. आपल्या उदाहरणात ब्रोशरवरचा क्रमांक टाकल्यावर जे नाव आलं त्याच्या शेवटी ‘टॉवर ए’ असं होतं. म्हणजे दाखवलेला क्रमांक खरा होता, पण तुमच्या फ्लॅटचा नव्हता. बी टॉवरचा क्रमांक मागितल्यावर तो मिळाला, म्हणून हे उदाहरण पुढे चालू आहे. मिळाला नसता तर बी टॉवरमधलं बुकिंग बेकायदा ठरलं असतं.

वैधतेची तारीख उलटून गेली असेल तर प्रकल्पाची नोंदणी संपलेली आहे. मुदतवाढ मिळेपर्यंत त्यातली विक्री थांबलेली असायला हवी. नोंदणी ‘स्थगित’ किंवा ‘रद्द’ दाखवत असेल तरीही हेच लागू आहे. ‘एक्स्टेन्शनचा अर्ज केला आहे’ हे उत्तर ग्राह्य धरू नका. अर्ज आणि मंजुरी या वेगळ्या गोष्टी आहेत.

तारीख

ताबा डिसेंबर २०२७ असं सेल्स ऑफिसमध्ये सांगितलं होतं. महारेराच्या पानावर बी टॉवरची प्रस्तावित पूर्णता ३० जून २०३० दिसते. दोन्हींत अडीच वर्षांचं अंतर.

बिल्डर म्हणेल, ‘ती तारीख सुरक्षित म्हणून टाकली आहे, आम्ही आधीच देणार.’ कदाचित तो खरं बोलतही असेल. पण उशीर झाला तर कायदा कुठली तारीख धरेल, हे आधी समजून घ्या. कलम १८ नुसार करारनाम्यात लिहिलेल्या तारखेपर्यंत ताबा मिळाला नाही, तर ग्राहकाला पैसे व्याजासह परत मागता येतात, किंवा प्रकल्पात राहून प्रत्येक महिन्याच्या उशिराचं व्याज घेता येतं. महाराष्ट्रात हे व्याज स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरवर, म्हणजे कर्जाच्या पायाभूत दरावर, आणखी दोन टक्के असं आहे. हा हक्क सुरू होतो तो करारनाम्यातल्या तारखेपासून. करारनाम्यात जून २०३० लिहिलं, तर डिसेंबर २०२७ ते जून २०३० या काळात तुम्ही घरभाडं आणि कर्जाचा हप्ता दोन्ही भरत राहाल आणि बिल्डरकडून एक रुपयाही मागता येणार नाही.

म्हणून दोन मार्ग आहेत. एक तर डिसेंबर २०२७ ही तारीख करारनाम्यात लेखी घालून घ्यायची. अलॉटमेंट लेटरच्या वेळीच हे बोलून घ्या, नंतर ऐकून घेणारं कोणी नसतं. नाहीतर २०३० हीच खरी तारीख समजून पैशांचा हिशेब मांडायचा आणि तो जमत असेल तरच पुढे जायचं.

पानावर मूळ तारीख आणि सुधारित तारीख अशा दोन्ही दिसत असतील, तर फरक किती आहे ते पाहा. एकदा मुदतवाढ घेतलेला प्रकल्प वाईटच असतो असं नाही, करोनाकाळात तर सगळ्यांनाच वाढ मिळाली होती. पण त्यानंतर पुन्हा वाढ, आणि कामाची टक्केवारी तिथेच, असं दिसलं तर सावध व्हा. ही टक्केवारी ‘फॉर्म १’ मध्ये सापडते. वास्तुविशारद त्यात पाया, पार्किंग, स्लॅब, आतल्या भिंती, प्लंबिंग अशा प्रत्येक कामाचा पूर्ण झालेला भाग लिहून देतो. बिल्डरने दर तिमाहीला माहिती अद्ययावत करायची असते. शेवटचा फॉर्म कधीचा आहे ते बघा, आणि तो फोनमध्ये घेऊन साइटवर जा. फॉर्ममध्ये १४ स्लॅब लिहिले आहेत आणि समोर नऊच उभे आहेत, हे मोजायला इंजिनिअर लागत नाही.

सीसी: परवानगी कितव्या मजल्यापर्यंत आहे?

डोंबिवलीच्या प्रकरणाचं मूळ याच कागदात होतं, म्हणून इथे सर्वांत जास्त वेळ द्या. सीसी म्हणजे बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र. नियोजन प्राधिकरण ते देतं, म्हणजे महापालिका, नगरपालिका, सिडको, पीएमआरडीए किंवा ज्याची हद्द असेल ते. महारेराच्या पानावर ते अपलोड केलेलं असतं. ते उघडून शेवटपर्यंत वाचा.

अनेकदा सीसी एकदम पूर्ण इमारतीची मिळत नाही. आधी जोत्यापर्यंत, मग ठरावीक मजल्यापर्यंत, मग पुढची. टीडीआर म्हणजे दुसरीकडचे विकास हक्क विकत घेऊन किंवा प्रीमियम भरून जादा एफएसआय, म्हणजे त्याच भूखंडावर जादा बांधकामाची मुभा, मिळेल या हिशेबाने बिल्डर वरचे मजलेही विकायला काढतो. आपल्या उदाहरणात पानावरच्या सीसीत लिहिलं आहे: तळमजला, पार्किंगचे मजले आणि १२ मजले. तुमचा फ्लॅट १९व्या मजल्यावर आहे. म्हणजे आज कागदावर तुमच्या फ्लॅटला परवानगीच नाही.

हे अजून एका ठिकाणी ताडता येतं. प्रकल्पाच्या माहितीत मंजूर एफएसआयनुसारचं बांधकाम क्षेत्र आणि प्रस्तावित, पण अजून मंजूर न झालेलं क्षेत्र असे वेगवेगळे आकडे दिलेले असतात. दुसरा आकडा मोठा असेल तर इमारतीचा तेवढा भाग अजून मिळायच्या परवानगीवर अवलंबून आहे. ही लबाडीच असते असं नाही. वाढीव सीसी पुढे येतेही. पण ती येईपर्यंत त्या मजल्याची जोखीम तुम्ही उचलत असता, आणि त्या मजल्यावर बँक कर्जाचे पैसे सोडेल का, हाही प्रश्न असतो. इथे मी तरी सरळ सल्ला देईन: सीसीच्या आतला मजला घ्या. वरचाच हवा असेल तर वाढीव सीसी हातात आल्यावर बुक करा, दर थोडा चढला तरी चालेल.

आता सीसी खरी आहे का ते. तिच्यावरचा जावक क्रमांक, तारीख, सर्व्हे क्रमांक आणि मजल्यांची संख्या लिहून घ्या. मग त्या महापालिकेच्या शहर विकास किंवा नगररचना विभागात जा (मुंबईत इमारत प्रस्ताव विभागात) आणि हा क्रमांक त्यांच्या नोंदीत आहे का ते विचारा. अनेक पालिकांच्या संकेतस्थळांवर मंजुऱ्या ऑनलाइनही दिसतात. तिथे सापडलं नाही आणि खिडकीवर दाद मिळाली नाही, तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. त्याला दहा रुपये लागतात आणि नियमाने तीस दिवसांत उत्तर मिळायला हवं. बुकिंगची घाई करणारा माणूस तीस दिवस थांबायला तयार नसेल, तर फ्लॅट सोडून द्यावा. डोंबिवलीत घरं घेतलेल्यांपैकी कोणी पालिकेच्या नोंदीत ही एक ओळ तपासली असती, तर तिथेच कळलं असतं.

गहाण आणि बँक खातं

पानावर जमिनीच्या मालकीबद्दलचा वकिलाचा टायटल रिपोर्ट असतो आणि जमिनीवरच्या बोज्यांची माहितीही. बहुतेक मोठे प्रकल्प कुठल्यातरी बँकेकडे किंवा वित्तसंस्थेकडे गहाण असतात, त्यात घाबरण्यासारखं नाही. मात्र गहाण असेल तर तुमच्या फ्लॅटच्या नंबरसह त्या वित्तसंस्थेचा ना-हरकत दाखला मागा. ‘प्रकल्पाला एनओसी आहे’ एवढं पुरत नाही. बिल्डरने कर्ज बुडवलं तर तुमचा फ्लॅट त्या वसुलीत ओढला जाऊ नये, यासाठी तो कागद आहे. दाखल्यात पैसे कुठल्या खात्यात भरावेत हेही लिहिलेलं असतं. त्याच खात्यात भरले तरच त्या दाखल्याचा आधार राहतो. खटल्यांचा आणि तक्रारींचा भागही इथेच वाचून घ्या. जमिनीच्या मालकीवर दावा चालू असेल तर पुढचं सगळं वकिलाच्या मतानंतर.

खात्याचं अजून एक. १ जुलै २०२४ पासून महारेराने प्रत्येक प्रकल्पासाठी एकाच बँकेत तीन खाती सक्तीची केली आहेत. ग्राहकाचे सगळे पैसे आधी संकलन खात्यात येतात. तिथून किमान ७० टक्के रक्कम जमीन आणि बांधकामासाठी राखलेल्या वेगळ्या खात्यात जाते आणि उरलेली तिसऱ्या खात्यात. तुम्ही चेक द्यायचा तो फक्त पहिल्या खात्याच्या नावाने. अलॉटमेंट लेटर आणि करारनाम्यात हे खातं नमूद असायला हवं. ‘आमच्या ग्रुपच्या दुसऱ्या कंपनीच्या नावाने द्या’, ‘क्लब हाऊसचे वेगळे रोख’ असं कोणी म्हटलं तर ते पैसे या व्यवस्थेच्या बाहेर जातात आणि नंतर मागताना पुरावाही राहत नाही.

कार्पेट

बी टॉवरच्या सदनिकांचा तक्ता उघडल्यावर तुमच्या प्रकारच्या फ्लॅटसमोर ५२.४० चौरस मीटर दिसतं. १०.७६४ ने गुणलं की ५६४ चौरस फूट होतात. ब्रोशरमध्ये ६२० होते. उरलेले ५६ कुठून आले? बाल्कनीतून. रेराच्या व्याख्येत कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात, पण बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि गच्ची धरत नाहीत. बाल्कनी तुम्हाला मिळणारच आहे, फक्त ती कार्पेट नाही. ९५ लाखांना ६२० ने भागलं तर चौरस फुटाला साधारण १५,३२० रुपये पडतात, ५६४ ने भागलं तर १६,८४० च्या पुढे. शेजारच्या प्रकल्पाशी तुलना करताना दोन्हीकडे रेरा कार्पेटच धरा. याच तक्त्यात एकूण सदनिका आणि बुक झालेल्या सदनिका दिसतात. ‘आता दोनच फ्लॅट उरलेत’ हे वाक्य तिथे तपासून बघा.

पैसे देताना

ऑफिसने अ‍ॅग्रीमेंटच्या आधी २० टक्के मागितले होते. कलम १३ नुसार नोंदणीकृत करारनाम्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. ९५ लाखांवर ते साडेनऊ लाख. त्यापुढचा रुपया करारनामा दुय्यम निबंधकाकडे नोंदल्यावरच द्यायचा.

टोकन देताना साध्या पावतीवर न थांबता अलॉटमेंट लेटर घ्या. महारेराने त्याचा नमुना ठरवून दिला आहे. त्या नमुन्यात बुकिंग रद्द केल्यास किती कपात होईल हेही आहे: पत्र दिल्याच्या तारखेपासून १५ दिवसांत काही नाही, १६ ते ३० दिवसांत किमतीच्या १ टक्का, ३१ ते ६० दिवसांत दीड टक्का, त्यानंतर २ टक्के. म्हणजे पहिले १५ दिवस तुमच्या हातात आहेत. बिल्डरचं पत्र या नमुन्यापासून कुठे वेगळं आहे ते ओळ लावून बघा. करारनाम्याचा मसुदाही महारेराच्या पानावर असतो. तो उतरवून घ्या आणि तुमच्यापुढे सहीला आलेल्या मसुद्याशी जुळवा. टॉवरचं नाव, मजला, चौरस मीटरमधला कार्पेट, ताब्याची तारीख, पार्किंगचा क्रमांक आणि मापं, पाच वर्षांची दोष दुरुस्तीची जबाबदारी, सोसायटीच्या नावे जमीन करून देण्याचं कलम, एवढं तरी स्वतः वाचाच.

ज्या दिवशी पान वाचाल त्याच दिवशी प्रमाणपत्र, सीसी, सदनिकांचा तक्ता आणि फॉर्म १ हे सगळं उतरवून तारखेसह जपून ठेवा. ब्रोशर आणि सेल्सवाल्याचे व्हॉट्सअ‍ॅप संदेशही ठेवा. पानावरची माहिती पुढे बदलते, आणि बुकिंगच्या दिवशी काय जाहीर केलं होतं हे तेव्हा फक्त तुमच्याकडेच असेल. जाहिरातीतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे दिले आणि नुकसान झालं, तर कलम १२ खाली भरपाई मागता येते. प्रकल्पातून बाहेर पडायचं ठरवलं तर सगळे पैसे व्याजासह परत मागता येतात. महारेराकडे तक्रार ऑनलाइन होते, तिची फी ५,००० रुपये आहे आणि सुनावणीत पुरावा म्हणून हेच कागद उघडावे लागतात.